कोथरूडचा फ्लॅट, रिव्हर्स मॉर्टगेज ५० लाखांचं आणि हातात महिना साडेअकरा हजार, हे कसं काय?

वैजू_के · शनिवार, सकाळी १०:४०

मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. माझी मावशी ७२ ची आणि काका ७६ चे, दोघंच कोथरूडला राहतात, १९८६ ची बिल्डिंग, टू बीएचके, काकांच्या स्वतःच्या कमाईतला फ्लॅट आणि मावशीचं नावही अॅग्रीमेंटमध्ये आहे. काका खाजगी कंपनीत होते त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएसचे जे किरकोळ येतात तेवढेच, बाकी एफडीचं व्याज. मुलगा अमेरिकेत, मुलगी इथे वाकडला. मुलं पैसे द्यायला तयार आहेत पण काकांना ते घ्यायचे नाहीत, तो विषय सोडून द्या.

तर एका बँकेत रिव्हर्स मॉर्टगेजची, म्हणजे राहतं घर तारण ठेवून बँकेने आपल्याला दरमहा पैसे द्यायचे त्या कर्जाची, चौकशी केली. त्यांनी फ्लॅटची किंमत १ कोटी धरली, कर्ज ५० लाख मंजूर होईल म्हणाले, मुदत १५ वर्षं, व्याज साडेदहा टक्के. इथपर्यंत आम्ही खूश. ५० लाख भागिले १८० महिने म्हणजे पावणेअठ्ठावीस हजार महिना असा हिशोब काकांनी पाठीमागच्या कॅलेंडरवर करूनही ठेवला. आणि बँकेने जो कागद दिला त्यात महिना ११,५२० लिहिलंय! बाकीचे कुठे गेले? काका म्हणतात ही फसवणूक आहे, मावशी म्हणते तुम्ही नीट विचारलं नाही. दुसरा प्रश्न, पुढे घराचं काय होतं, मुलांना काही मिळतं का?

तिरकाआडवा · शनिवार, सकाळी ११:०५

बँका असंच करतात. पंधरा वर्षं तुम्हाला चणेफुटाणे द्यायचे आणि मग म्हाताऱ्यांना घराबाहेर काढून फ्लॅट घशात घालायचा. १ कोटीचा फ्लॅट वीस लाखात. माझं ऐका, काकांना सांगा सरळ विकून टाका.

जुनाखातेदार · शनिवार, दुपारी १:३०

वैजूताई, मी बँकेत कर्ज विभागात होतो, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण हे प्रकरण हाताळलेलं आहे म्हणून लिहितो. फसवणूक नाही, आकडा बरोबर आहे, पण शाखेतल्या माणसाने ५० लाख म्हणजे काय ते नीट सांगितलेलं नाही.

ते ५० लाख म्हणजे तुमच्या हातात येणारी रक्कम नव्हे. पंधरा वर्षांच्या शेवटी मुद्दल अधिक व्याज मिळून कर्ज जिथे पोचेल तो आकडा म्हणजे ५० लाख. याला उलटी आरडी समजा. आरडीत तुम्ही महिन्याला ११,५२० भरले आणि बँकेने साडेदहा टक्के दिले तर १५ वर्षांनी ५० लाख होतात. इथे बँक तुमच्याकडे आरडी भरतेय आणि व्याज तुमच्या नावावर चढतंय, शेवटी ५० लाख तुम्ही बँकेला देणं लागता. सूत्र तेच, फक्त माणसं बदलली.

आता त्यातून काय दिसतं बघा. पहिल्या वर्षी बँक देणार साधारण १ लाख ३८ हजार, आणि वर्षअखेर कर्ज दिसेल १ लाख ४५ हजार. म्हणजे काही वाटत नाही. पाच वर्षांनी हातात आलेले ६ लाख ९१ हजार, कर्ज ९ लाख ४ हजार. दहा वर्षांनी आलेले १३ लाख ८२ हजार, कर्ज २४ लाख २९ हजार. आणि पंधराव्या वर्षी आलेले २० लाख ७४ हजार, कर्ज ५० लाख. २९ लाखांच्या वर व्याज आहे आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या पाच वर्षांत चढतं, कारण मधे एक पैसाही कोणी भरत नाही. व्याजावर व्याज.

मुदत कमी केली की हप्ता वाढतो. हेच ५० लाख १० वर्षांत घ्यायचे म्हटले तर महिना २३,७०० च्या आसपास बसतात. २० वर्षांत घ्यायचे म्हटले तर जेमतेम ६,१७०. लोकांना वाटतं जास्त वर्षं म्हणजे जास्त फायदा, एकूण हातात येणारी रक्कम उलट कमी होत जाते. दहा वर्षांत साडेअठ्ठावीस लाख, वीस वर्षांत पंधरा लाखही नाहीत.

@तिरकाआडवा, तुमच्या मुद्द्यावर संध्याकाळी लिहितो, आत्ता जेवायला बोलावलंय.

वैजू_के · शनिवार, दुपारी २:१०

अहो किती छान समजावलंत! काकांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मग १० वर्षांचंच घ्यायचं. पण ८६ नंतर काय, असं मावशीने विचारल्यावर गप्प बसले.

सदाशिवातला · शनिवार, दुपारी ३:००

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. आमचा सदाशिव पेठेत वाडा आहे, आजोबांच्या नावावर, सात हिस्सेदार, तीन भाडेकरू. बाबा ७४ चे आहेत आणि तिथेच दोन खोल्यांत राहतात. त्यांना त्यांच्या हिश्शावर रिव्हर्स मॉर्टगेज मिळेल का? जागेची किंमत कोटींत आहे.

जुनाखातेदार · शनिवार, रात्री ८:१५

सदाशिवातला, नाही मिळणार. घर स्वतः मिळवलेलं पाहिजे, टायटल स्वच्छ पाहिजे आणि कर्जदार स्वतः त्यात कायम राहणारा पाहिजे. वाड्यात यातलं शेवटचंच बसतंय. आधी वाटणीपत्र, मग बाकीचं. त्याचा धागा वेगळा काढा, तिथे वकील मंडळी सांगतील.

आता तिरकाआडवा यांचं. अर्धं बरोबर आहे. पंधरा वर्षांनंतर हप्ता बंद होतो हे खरं. घराबाहेर काढतात हे खोटं. नॅशनल हाउसिंग बँकेची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २००७ मध्ये ही योजना आली तेव्हापासूनची, त्यात स्पष्ट आहे की कर्जदार आणि सहकर्जदार यांपैकी शेवटचा माणूस असेपर्यंत घरात राहता येतं. मुदत संपली तरी. बँकेची वसुली सुरू होते ती दोघंही गेल्यावर, किंवा त्यांनी घर विकलं तर, किंवा कायमचं सोडून गेले तर. म्हणून मावशींचं नाव सहकर्जदार म्हणून घातलंच पाहिजे, नवराबायकोत एक ६० च्या वर आणि दुसरं ५५ च्या वर असलं की चालतं.

पण एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. पंधरा वर्षांनी हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. ५० लाखांवर साडेदहा टक्के म्हणजे पहिल्याच महिन्यात ४३,७५० व्याज चढणार, आणि हातात शून्य. मावशी तेव्हा ८७ च्या असतील. त्या ९२ पर्यंत राहिल्या, आणि राहोत, तर कर्ज साधारण ८४ लाख ३० हजार झालेलं असेल. तेव्हाचा घरखर्च कशातून, हा खरा प्रश्न आहे, घर जाईल का हा नाही.

तिरकाआडवा · शनिवार, रात्री ८:४०

म्हणजे शेवटी तेच झालं ना साहेब. ८४ लाख कर्ज आणि १ कोटीचं घर. आणि समजा भाव पडले, घर ७० लाखाला गेलं, तर वरचे १४ लाख अमेरिकेतल्या मुलाच्या गळ्यात.

जुनाखातेदार · शनिवार, रात्री ९:२०

नाही. वसुली घराच्या विक्रीतून जेवढी येईल तेवढीच, त्याच्या वरचा भार कर्जदारावर किंवा वारसांवर टाकता येत नाही. तो तोटा बँकेचा. म्हणूनच तर बँक सुरुवातीला घराच्या निम्म्या किमतीच्या आसपास थांबते आणि वय जास्त असेल तर थोडी पुढे जाते. साठीतल्या माणसाला कमी टक्के आणि पंचाहत्तरीच्या पुढच्याला जास्त, कारण बँक बघते की किती वर्षं थांबावं लागेल. ऐकायला कसंतरी वाटतं, पण हिशोब हाच आहे.

आणि वीस वर्षांनी घर १ कोटीचंच असेल असं का धरता? वर्षाला ४ टक्के वाढ धरली तरी २ कोटी १९ लाख होतात, त्यातून ८४ लाख गेले तर मुलांना १ कोटी ३५ लाख उरतात. २ टक्केच वाढलं तर १ कोटी ४८ लाखांचं घर आणि ६४ लाख उरतात. अजिबात वाढलं नाही तर १५-१६ लाख. कुठला आकडा खरा होईल ते मी सांगू शकत नाही, चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंगचं तर नाहीच.

नेहा_वाकड · रविवार, सकाळी ९:००

मी ती वाकडची मुलगी :) वैजूने लिंक पाठवली. आई-बाबांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं, मला घराचं काही नको, पण दादा तिकडे आहे आणि उद्या काही झालं तर धावपळ मलाच करायचीये म्हणून विचारते. नक्की प्रोसिजर काय असते? सोसायटीत नॉमिनी दादा आहे, म्हणजे बँक दादाशीच बोलणार का?

एकटाजीव · रविवार, सकाळी ९:३५

नॉमिनी दादा आहे म्हणजे घर दादाचंच झालं ताई. सोसायटी त्याच्याच नावावर शेअर सर्टिफिकेट करणार. तुमचा प्रश्नच येत नाही.

जुनाखातेदार · रविवार, सकाळी ११:१०

एकटाजीव, असं नसतं हो. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच, मालकी वारसांची, मग ती मृत्युपत्राने असो की वारसा कायद्याने. ही गैरसमजूत पुण्यातल्या अर्ध्या सोसायट्यांत भांडणं लावते.

नेहाताई, रिव्हर्स मॉर्टगेजमध्ये बँक कर्जदाराकडून रजिस्टर्ड मृत्युपत्र करून घेते. त्यात लिहिलेलं असतं की या घरावर असं कर्ज आहे, आम्ही दोघं गेल्यावर बँकेला घर विकून वसुली करायचा हक्क आहे, आणि उरलेलं अमक्या वारसांना. तेव्हा तुमच्या आई-बाबांनी आत्ताच ठरवून लिहायला हवं की उरलेलं कोणाला किती. त्यांनी आधी एखादं मृत्युपत्र केलेलं असेल तर ते काढून बघा, दोन मृत्युपत्रं एकमेकांना छेद देणारी असली की पुढे तुमची धावपळ दुप्पट.

दोघंही गेल्यावर वारसांना पहिली संधी असते. घर ठेवायचं असेल तर त्या दिवशीचं कर्ज व्याजासकट भरायचं, बँक कागद परत देते आणि बोजा उतरवते. स्वतःकडे पैसे नसतील तर तुम्ही किंवा दादा साधं होम लोन काढूनही हे फेडू शकता, तुमच्या उत्पन्नावर बसलं तर. ठेवायचं नसेल तर स्वतः गिऱ्हाईक शोधून विकायचं, खरेदीदार बँकेचे पैसे थेट बँकेला देतो आणि वरचे तुम्हाला, हे पुण्यात रोज होतं, कर्ज असलेले फ्लॅट असेच विकले जातात. आणि काहीच केलं नाही तर बँक विकते आणि उरलेलं वारसांना देते. माझ्या मते तिसरा रस्ता शक्यतो घेऊ नका. लिलावात भाव कमी येतो आणि तो फरक तुमच्या खिशातून जातो, बँकेला तिचं मिळाल्याशी मतलब.

वेळ हा खरा कळीचा मुद्दा. नॅशनल हाउसिंग बँकेच्या तत्त्वांत विक्रीसाठी साधारण दोन महिन्यांचा उल्लेख आहे. दोन महिन्यांत अमेरिकेतल्या माणसाची पॉवर ऑफ अॅटर्नी तिथे सही होऊन, शिक्का होऊन इथे येणं, सोसायटीची कागदपत्रं, गिऱ्हाईक, हे सगळं होत नाही. म्हणून मंजुरीपत्रात वारसांना किती मुदत आहे ते वाचा आणि कमी असेल तर आत्ताच वाढवून मागा, नंतर कोणी ऐकत नाही.

नेहा_वाकड · रविवार, सकाळी ११:४०

बापरे दोन महिने. दादाला सुट्टीच मिळत नाही एवढी. आणि दादाला घर ठेवायचं असेल, मला नको असेल, तर?

जुनाखातेदार · रविवार, दुपारी १२:०५

तर तो कर्ज फेडेल आणि उरलेल्या किमतीतला तुमचा वाटा तुम्हाला देईल किंवा तुम्ही हक्कसोडपत्र द्याल. ते तुमच्या दोघांतलं, बँकेला त्यात रस नाही.

मावळती · रविवार, दुपारी ४:२०

मी स्वतः ६९ ची, एकटी, कर्वेनगरला. यावर दोन वर्षं विचार करतेय. मला एक विचारायचंय, माझ्याकडे एक खोली मोकळी आहे आणि त्यात दोन मुली ठेवल्यात, एमपीएससीच्या तयारीला आलेल्या. त्यांचं भाडं मिळतं म्हणून तर मी तग धरून आहे. रिव्हर्स मॉर्टगेज घेतलं तर हे भाडं आणि बँकेचे पैसे असं दोन्ही मिळून माझं छान भागेल असं वाटतंय.

जुनाखातेदार · रविवार, संध्याकाळी ६:००

मावळतीताई, तिथेच गोम आहे. घराचा काही भाग जरी भाड्याने दिला तरी बँकेला कर्ज मुदतीआधी वसूल करायचा हक्क मिळतो. तशीच इतरही कारणं आहेत, सलग वर्षभर घरात न राहणं, मिळकत कर थकवणं, घराचा विमा न उतरवणं, डागडुजी न करणं, घरावर नवीन मालकाचं नाव चढवणं. बँक रोज बघायला येत नाही, पण कधीतरी तपासणीला माणूस येतो आणि दारात तीन जोड्या सँडल आणि गॅलरीत पुस्तकं घेऊन बसलेल्या मुली दिसल्या की प्रश्न विचारले जातात. लपवून करण्यात अर्थ नाही.

साधा हिशोब करून बघा. तुमच्या मुलींचं भाडं बँकेच्या हप्त्याच्या जवळपास येत असेल तर तुम्ही कर्ज न काढताच तेवढे पैसे मिळवताय आणि घरावर बोजाही नाही. भाड्यावर कर लागू शकतो आणि रिव्हर्स मॉर्टगेजचा हप्ता करमुक्त असतो, कारण ते उत्पन्न नसून कर्ज आहे, हा फरक आहे, पण तुमच्या उत्पन्नाला फार फरक पडेल असं नाही.

मावळती · रविवार, संध्याकाळी ६:३०

असं होय. बरं झालं विचारलं. बँकेतल्या मुलाने हे अजिबात सांगितलं नव्हतं, त्याने मला फक्त ते म्युच्युअल फंडाचं काहीतरी दाखवलं. मुलींना मात्र काढणार नाही, संध्याकाळी आल्या की घर घरासारखं वाटतं.

वैजू_के · रविवार, रात्री १०:००

काकांनी अजून एक विचारायला सांगितलंय. मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय, पाच लाखांच्या आसपास सांगितलंय. बँकवाला म्हणाला एकरकमीही मिळतं. मग पाच लाख आधी आणि मग महिन्याला ११,५२० असं होईल ना?

जुनाखातेदार · सोमवार, सकाळी ८:४५

एकरकमी मिळतं, उपचारासाठी मंजूर रकमेच्या निम्म्यापर्यंत आणि तत्त्वांप्रमाणे जास्तीत जास्त १५ लाख. पण वर नाही, त्यातूनच. आज घेतलेले पाच लाख पंधरा वर्षांत साडेदहाने २४ लाख होतात. म्हणजे ५० लाखांपैकी २४ लाख त्यातच गेले, उरलेल्या २६ लाखांवर महिन्याचा हप्ता बसतो जेमतेम ६,०००. पाच लाखांच्या बदल्यात हप्ता जवळजवळ निम्मा. गुडघ्यासाठी एखादी एफडी मोडणं स्वस्त पडेल, काकांची एफडी साडेदहा टक्के देत नसणार.

हो आणि पैसे कशावर वापरायचे यालाही बंधन आहे, शेअर, सट्टा, धंदा यासाठी चालत नाही. औषधपाणी, घरखर्च, डागडुजी हे चालतं.

एकटाजीव · सोमवार, सकाळी १०:१५

मी ऐकलंय की आयुष्यभर पैसे देणारीही एक योजना आहे, विमा कंपनीची. ती घ्या ना मग, ८७ नंतरचा प्रश्नच संपला.

जुनाखातेदार · सोमवार, सकाळी ११:००

हे तुमचं बरोबर आहे. सेंट्रल बँकेने स्टार युनियन दाई-इचीबरोबर तशी आणली होती. त्यात बँक कर्जाची रक्कम एकदम विमा कंपनीला देते आणि ती कंपनी तुम्हाला मरेपर्यंत दरमहा देते. ८७ नंतर हात रिकामे होण्याची भीती नाही. पण पैसे एकदम दिल्यामुळे व्याज पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर लागतं, म्हणून कर्ज खूप लवकर फुगतं आणि वारसांसाठी कमी उरतं. काका-मावशींना मुलांसाठी काही ठेवायचं नसेल तर ही बरी. आज कुठल्या शाखेत कोण देतंय ते फोन करूनच बघावं लागेल, बऱ्याच ठिकाणी काउंटरवरच्या माणसालाच अशी योजना आहे हे माहीत नसतं.

वैजू_के · सोमवार, रात्री ९:३०

आज वेगळंच निघालं. काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना एनओसीचं विचारलं तर ते म्हणाले अहो आपली रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, दोन बिल्डर बघून गेले, आणि तुम्ही कर्ज कसलं काढताय. काका एजीएमला गेलेच नव्हते. आता?

तिरकाआडवा · सोमवार, रात्री ९:४०

घ्या! आता खरी मजा. नवीन फ्लॅट मोठा मिळणार, किंमत दीडपट, तेव्हा कर्ज घ्या. आत्ता थांबा.

जुनाखातेदार · मंगळवार, सकाळी ७:५०

या वेळी तिरकाआडवा यांच्याशी मी बराचसा सहमत आहे :)

कारणं सांगतो. एक तर घराचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं असावं असा दंडक आहे, ८६ च्या बिल्डिंगला बँकेचा इंजिनिअर तसं लिहून देईल का ही शंका होतीच, मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं पण तुम्ही म्हणालात बँकेने किंमत धरली म्हणून गृहीत धरलं. त्यांनी शाखेतल्या शाखेत अंदाज सांगितलेला दिसतो, प्रत्यक्ष व्हॅल्युएशन झालेलं नसणार. विचारून बघा.

दुसरं, कर्ज घेतल्यावर रिडेव्हलपमेंट आलं तर जुना फ्लॅट पडतो, म्हणजे बँकेचं तारणच पडतं. बिल्डरबरोबरच्या करारात बँकेची परवानगी लागणार आणि नवीन फ्लॅटवर बोजा चढवून घ्यावा लागणार. शिवाय मंडळी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहणार, आणि सलग वर्षभर घरात न राहिल्यास वसुली हे कलम तर आहेच. चांगली शाखा असेल तर लेखी सूट देईल, पण देईलच असं नाही आणि त्या काळात हप्ता चालू ठेवेल का हे तर अजिबात सांगता येत नाही. मी असतो तर फाइल बाजूला ठेवली असती.

नेहा_वाकड · मंगळवार, सकाळी ८:३०

पण जुनाखातेदार काका, रिडेव्हलपमेंट म्हणजे आमच्या इथे एका सोसायटीचं आठ वर्षं फक्त मीटिंगाच चाललेत. बाबा ७६ चे आहेत. आठ वर्षं थांबायचं का?

तिरकाआडवा · मंगळवार, सकाळी ८:५०

थांबायचं कशाला, विका आणि तळेगावला वनआरके घ्या, उरलेले सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. एका नावावर ३० लाख चालतात, दोघांचे ६०. हप्त्यापेक्षा जास्त व्याज येईल आणि मुद्दल तसंच राहील.

नेहा_वाकड · मंगळवार, सकाळी ९:०५

बाबा कोथरूड सोडणार नाहीत. त्यांचा पेपरवाला, डॉक्टर, दशभुजा गणपती सगळं चालत जायच्या अंतरावर आहे. आणि आई तर नाहीच नाही.

जुनाखातेदार · मंगळवार, सकाळी ९:५०

नेहाताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. सोसायटीत आत्ता कुठपर्यंत आलंय ते बघा. नुसती चर्चा असेल, ठराव झालेला नसेल, मानीव अभिहस्तांतरण म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्सही झालेलं नसेल तर अजून बरीच वर्षं आहेत, मग १० वर्षांच्या मुदतीचं कर्ज विचारात घ्यायला हरकत नाही, बँक बिल्डिंगच्या वयाला हो म्हणाली तर. बिल्डरची नेमणूक झाली असेल तर थांबा. मधल्या काळात घेतलंच तरी एक लक्षात ठेवा, मुदतीआधी कर्ज फेडायला दंड लागत नाही, म्हणजे वर्षा दोन वर्षांत सोसायटीचं नक्की झालं तर तोवर चढलेले दीड ते तीन लाख, १० वर्षांच्या मुदतीचं असेल तर तीन ते सव्वासहा, दादाकडून घेऊन बोजा उतरवता येईल. तेवढ्यापुरते मुलाचे पैसे काकांनी घ्यायला हवेत, हे मात्र त्यांना तुम्हीच सांगा.

वैजू_के · मंगळवार, रात्री ८:२०

सेक्रेटरींकडून मागच्या तीन एजीएमचे मिनिट्स मागितलेत. ठराव २०२२ लाच झालेला आहे म्हणे पण पीएमसी नेमली नाही, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाला, महापालिका नव्हे, काकांचा आधी तोच गोंधळ झाला. कन्व्हेयन्स झालेलं नाही, मूळ जमीनमालकाचे वारस सापडत नाहीत. बँकेतही विचारलं, व्हॅल्युएशन झालेलं नाही, तुमचा अंदाज बरोबर निघाला. इंजिनिअर पाठवतो म्हणालेत, फी आमची. काका म्हणतात पाठव, निदान बिल्डिंगचं खरं काय ते तरी कळेल.

जुनाखातेदार · मंगळवार, रात्री ९:००

पाठवा, पण फी भरण्याआधी बिल्डिंगचं वय आणि कन्व्हेयन्स नसल्याचं त्यांना लेखी कळवा आणि चालतं का ते विचारा. चालत नसेल तर फी तरी वाचेल. काय उत्तर येतं ते इथे टाका.

सदाशिवातला · मंगळवार, रात्री ९:१५

वाटणीपत्राचा धागा काढलाय, जुनाखातेदार तिकडेही या की जरा.